फर्स्ट की मोबाइलमध्ये होती

ती माझ्याकडे आली तेव्हा मार्च संपत आला होता. पुण्याच्या नवी पेठेतल्या माझ्या खोलीत तिने पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाली, "ताई, तो नापास झाला याचं मला काहीच नाही. पण आम्ही पहिल्यांदा भेटलो त्या दिवशी त्याच्या मोबाइलमध्ये फर्स्ट की होती. त्याला तेव्हाच कळलं होतं. हो ना?"

फर्स्ट की म्हणजे राज्यसेवा पूर्वनंतर एमपीएससीने जाहीर केलेली पहिली उत्तरतालिका. ती बघून आपली पूर्व निघणार नाही हे त्याला कळलं होतं, आणि मलाही कळलं होतं. शिवाय 'आत्ता नको सांगूस, निकाल तर लागू दे' हा सल्ला त्याला मीच दिला होता.

तो माझा अभ्यासिकेतला मित्र, माझ्याहून पाच वर्षांनी लहान. मी स्वतः २०१७ ते २०२१ राज्यसेवा आणि कंबाईन या एमपीएससीच्या परीक्षांची तयारी केली, दोनदा मुख्यपर्यंत गेले, पोस्ट निघाली नाही. आता टिळक रस्त्यावरच्या एका कार्यालयात हिशेब बघते. पेठ मात्र सोडवली नाही, त्यामुळे कोणाची पूर्व निघाली, कोण गावी परतलं, कोणाचं कोणाशी जुळलं आणि तुटलं हे सगळं आजही कानावर येतं. या तुटण्यांमध्ये एक गोष्ट इतक्या वेळा पाहिली आहे की ती आता लिहून काढावीशी वाटते. नापास होण्यामुळे किंवा नोकरी नसण्यामुळे नाती तुटतात असं आपण धरून चालतो. माझ्या पाहण्यात बहुतेक नाती तुटली ती 'स्वतःला कधी कळलं' आणि 'समोरच्याला कधी सांगितलं' या दोन तारखांमधल्या अंतरामुळे.

हे अंतर कसं तयार होतं ते परीक्षेच्या रचनेतच आहे. बाहेरच्याला वाटतं की निकाल लागतो त्या दिवशी मुलगा पास किंवा नापास होतो. तसं नसतं. पूर्व झाल्यावर आयोग पहिली उत्तरतालिका जाहीर करतो. त्याच संध्याकाळी अभ्यासिकेत सगळे आपापले गुण मोजतात. राज्यसेवा पूर्वच्या सामान्य अध्ययनाच्या पेपरला शंभर प्रश्न आणि दोनशे गुण. प्रत्येक प्रश्नाला दोन गुण, उत्तर चुकलं की त्याचा पाव हिस्सा, म्हणजे अर्धा गुण वजा. दुसरा पेपर, सीसॅट, आता फक्त पात्रतेपुरता. तिथे ३३ टक्के मिळाले की पुरे. म्हणजे निवड ठरते ती पहिल्या पेपरवर. नंतर हरकती घेतल्या जातात, काही प्रश्न रद्द होतात, काहींची उत्तरं बदलतात, मग अंतिम उत्तरतालिका येते आणि त्यानंतर निकाल. या सगळ्यात काही महिने जातात.

त्याचा हिशेब असा होता की क्लासवाले सांगत होते त्या अपेक्षित कटऑफपेक्षा तो बारा गुणांनी खाली होता. चुकलेलं उत्तर बरोबर ठरलं तर अडीच गुणांचा फरक पडतो. म्हणजे पाच प्रश्न नेमके त्याच्या बाजूने फिरायला हवे होते, आणि तेही बाकीच्या हजारोंच्या बाजूने न फिरता. हे होत नसतं हे पेठेतल्या चार-पाच वर्षं जुन्या मुलाला कोणी सांगावं लागत नाही. तरीही निकाल लागेपर्यंत 'बघू, फायनल की येऊ दे' असं म्हणायची सोय असते. ते वाक्य खोटं नाही, म्हणून बोलताना टोचतही नाही.

जानेवारी २०२५ मध्ये एका ॲपवर दोघांची ओळख झाली. तो अठ्ठावीसचा, बार्शीकडचा. ती सत्तावीसची, कोथरूडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला. पहिल्या भेटीत तिने विचारलं, सध्या काय चालू आहे? तो म्हणाला, "राज्यसेवेची तयारी. पूर्व झाली, आता मेन्सचा अभ्यास." यात चुकीचा एकही शब्द नव्हता. पूर्व झाली होती. पुस्तक उघडून तो बसतही होता. पण तिच्या कानाला ऐकू आलं ते असं की याची पूर्व निघाली आहे, मुख्य तोंडावर आहे, वर्षभरात काहीतरी ठरेल.

ज्यांच्या घरात कोणी ही परीक्षा दिलेली नाही त्यांना 'तयारी' या शब्दातून नेमकं काहीच कळत नाही. मुलाखत देऊन अंतिम यादीची वाट बघणारा तयारीच करत असतो, आणि सहाव्यांदा पूर्व गेलेलाही तयारीच करत असतो. काही जण तर वर्षभर पुस्तक न उघडता, फक्त गावी तोंड दाखवायला नको म्हणून पेठेत राहतात, तेही तयारीच करत असतात. ओळखीच्या सुरुवातीला 'तयारी करतो' एवढंच सांगून थांबणं म्हणजे समोरच्याने मनाला येईल तो अर्थ लावावा आणि तो आपल्या सोयीचा असेल तर दुरुस्त करू नये. मी याला लपवणंच म्हणते, आणि हे मला स्वतःला उशिरा पटलं.

त्या तीन महिन्यांत तिच्याकडे काय चाललं होतं ते त्याला ठाऊक नव्हतं, कारण तिनेही ते सगळं सांगितलं नव्हतं. घरी स्थळं येत होती. एक साताऱ्याचं होतं, एक चिंचवडचं. आईला तिने सांगितलं, "मेपर्यंत थांब, मग मी स्वतः सांगते." मे का, तर मुख्य होईल आणि अंदाज येईल म्हणून. चिंचवडच्या स्थळाला न बघताच नकार दिला, त्यावरून वडिलांशी बोलणं बंद झालं. लॅबची नाशिकला नवी शाखा निघत होती, तिथे पगारवाढीसह जायची संधी होती, तीही तिने सोडली, कारण तो पुण्यात. यातलं काहीही त्याने तिच्याकडे मागितलं नव्हतं, तिने आपणहून केलं. पण केलं ते चुकीच्या माहितीवर, आणि बरोबर माहिती समोरच्याच्या खिशात होती. मार्चमध्ये निकाल लागला आणि यादीत त्याचा नंबर नव्हता, तेव्हा तिने एकच गोष्ट शोधून काढली, की पहिली उत्तरतालिका कधी आली होती. बाकीचा हिशेब तिचा तिने केला.

सुरुवातीला किती सांगावं या प्रश्नाला मी आता असं उत्तर देते. ज्या गोष्टीमुळे समोरची व्यक्ती तिच्या आयुष्यातला एखादा निर्णय वेगळा घेईल, ती गोष्ट तिने तो निर्णय घेण्याआधी सांगायची. ज्या गोष्टीने तिचा काही निर्णय बदलत नाही, फक्त आपल्याला दुखतं, ती सांगायला सवड आहे. महिनाभराने सांगा, वर्षाने सांगा, कधीच सांगू नका.

या मापाने बघितलं तर लवकर सांगायचं ते फार थोडं निघतं. आत्ता नेमकं कुठे उभे आहोत, खर्च कोण करतं, आणि हे कधीपर्यंत चालणार आहे. पूर्वच्या पेपरला किती गुण पडले, सीसॅटमध्ये किती प्रश्न सुटले, वडील फोनवर काय बोलले, अभ्यासिकेत कोणाची पोस्ट निघाल्यावर रात्रभर झोप लागली नाही, यातलं काहीही पहिल्या-दुसऱ्या भेटीत सांगायचं कर्तव्य कोणावर नाही.

खर्चाचं बोलायला सगळ्यात जास्त लाज वाटते, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर. माझ्या या मित्राचा महिन्याचा हिशेब होता कॉटचे साडेतीन हजार, दोन वेळच्या मेसचे तीन हजार दोनशे आणि अभ्यासिकेचे बाराशे. हे झाले सात हजार नऊशे, वर रिचार्ज, झेरॉक्स, चहा. घरून यायचे नऊ हजार. तिच्याबरोबर फर्ग्युसन रस्त्यावरच्या कॅफेत दोनदा गेला तेव्हा प्रत्येक वेळी सहाशेच्या आसपास गेले आणि महिनाअखेरीचे सहा दिवस त्याने रात्रीची मेस बंद ठेवली. तिला याचा पत्ता नव्हता. तिला तर चहासुद्धा चालला असता, पण त्याने बिल भरायची घाई केल्यामुळे ती समजली की याला काही अडचण नाही. पैसे नसल्याचं लपवायला पैसेच लागतात, आणि ते गावाकडून आईच्या दूधविक्रीतून येत असतील तर त्या कॉफीचा घोट घशाखाली उतरत नाही. त्याने मला हे सांगितलं तेव्हा त्याचे डोळे भरले होते. 'मला कॅफे परवडत नाही, आपण झेड ब्रिजवर भेटू' एवढं वाक्य पहिल्या भेटीआधीच पाठवता येतं. त्यावर जी व्यक्ती येणार नाही, तिच्यासाठी सहा दिवस उपाशी राहून उपयोग नव्हता.

आता तिसरी गोष्ट, कधीपर्यंत. इथे बहुतेक जण चुकतात, आणि प्रामाणिक असूनही चुकतात. ते आयोगाची तारीख सांगतात. 'दिवाळीपर्यंत निकाल लागेल', 'मेमध्ये मुख्य आहे'. पण आयोगाची तारीख ही काही तुमच्या हातातली गोष्ट नाही. त्याने दिलेल्या २०२४ च्या राज्यसेवा पूर्वचंच बघा. ती आधी २८ एप्रिलला होणार होती. पुढे जात जात २५ ऑगस्टवर आली. त्याच दिवशी आयबीपीएसची बँक भरतीची परीक्षा असल्याने पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर बसले आणि परीक्षा पुन्हा पुढे गेली. शेवटी झाली १ डिसेंबरला. सात महिने. पुढच्या वर्षी २८ सप्टेंबर २०२५ ची पूर्व अतिवृष्टी आणि पुरामुळे ९ नोव्हेंबरवर गेली. परीक्षार्थीला याची सवय होते, तो सुस्कारा टाकून पुन्हा टेबलाशी बसतो. पण ज्या मुलीने घरी 'मेपर्यंत थांबा' सांगितलं आहे तिला प्रत्येक वेळी आईसमोर नव्याने तोंड उघडावं लागतं.

शिवाय राज्यसेवा तुम्हाला थांबा असं सांगतच नाही. यूपीएससीत खुल्या गटाला ३२ वर्षं आणि सहा प्रयत्न, त्यानंतर दार बंद. एमपीएससीनेही डिसेंबर २०२० मध्ये प्रयत्नांची मर्यादा आणली होती, पण २०२२ मध्ये ती मागे घेतली. आता खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंत कितीही वेळा बसता येतं. मुलांच्या दृष्टीने तो निर्णय चांगलाच होता, मीही तेव्हा आनंदले होते. पण त्यामुळे शेवट ठरवण्याचं काम आयोगाकडून उमेदवाराकडे आलं, आणि ते काम बहुतेक जण करत नाहीत. 'अजून एक अटेम्प्ट' हा शेवटचा असतो, पुढच्या जाहिरातीपर्यंत.

माझ्या मित्राच्या बाबतीत तर 'अजून एक' हा आधीसारखा एक राहिलाच नव्हता. २०२४ ची मुख्य ही बहुपर्यायी पद्धतीची शेवटची. २०२५ पासून मुख्य वर्णनात्मक झाली, यूपीएससीच्या धर्तीवर १७५० गुणांची लेखी आणि २७५ ची मुलाखत. पाच वर्षं गोळे काळे करून मिळवलेला हात इथे अपुरा होता. उत्तर लिहायचा सराव शून्यापासून करायचा होता. म्हणजे १ डिसेंबरची पूर्व जाणं हे फक्त एक वर्ष जाणं नव्हतं. हे त्याला कळत होतं, म्हणूनच तो बोलत नव्हता. पण ज्या दिवशी तुम्हाला कळतं की एक वर्ष म्हणजे खरं तर दोन किंवा तीन वर्षं आहेत, तो दिवस सांगायचा दिवस असतो.

म्हणून सांगायची ती आपली स्वतःची मर्यादा. आयोग काहीही करो, परीक्षा कितीही पुढे जावो, या तारखेनंतर मी कामाला लागणार. अशी तारीख ठरलेली नसेल तर 'अजून ठरवलेलं नाही' हे सांगायचं. तेही एक उत्तर आहे, आणि ऐकणाऱ्याला त्यावरून बरंच कळतं.

एवढं वाचून कोणी म्हणेल की मग सगळंच सांगून टाकावं, ओझं उतरेल. मी ते करून पाहिलं आहे. २०२१ मध्ये दुसऱ्यांदा मुख्य गेल्यावर एका मित्राच्या लग्नात ओळख झालेल्या मुलाला मी दुसऱ्याच भेटीत सगळं सांगितलं. चार वर्षांचे गुण, वडिलांनी गहाण टाकलेलं दीड एकर, भावजयीचे टोमणे, रात्री छातीत धडधडतं ते. मी दोन तास बोलले आणि शेवटी रडले. तो भला माणूस होता, त्याने सगळं ऐकून घेतलं. पण त्या संध्याकाळपासून त्याच्यासाठी मी एक अडचणीत असलेली मुलगी झाले आणि तो मला त्यातून काढणारा. रोज रात्री दहाला मेसेज यायचा, 'आज किती तास झाले?' मी त्याला कंटाळा आला का विचारू शकत नव्हते, त्याचा राग आला तर सांगू शकत नव्हते, कारण उपकार त्याच्या बाजूला जमले होते. दोन महिन्यांनी मीच थांबवलं. त्याने काही चूक केली नव्हती. मी त्याला ओळखायच्या आधीच त्याच्याकडे सांत्वनाचं काम सोपवलं होतं, ते त्याने मन लावून केलं.

तेव्हापासून मला वाटतं की स्थिती लवकर सांगावी आणि कहाणी उशिरा. स्थिती चार वाक्यांत मावते. कहाणी सांगायला आधी विश्वास लागतो, आणि तो कहाणी सांगून तयार होत नाही.

मुलींच्या बाबतीत एक अडचण वेगळी आहे आणि ती मी टाळून पुढे जाणार नाही. मुलगा 'पूर्व गेली' म्हणाला तर समोरची मुलगी मनात वर्षं मोजते. मुलगी 'पूर्व गेली' म्हणाली तर समोरून बऱ्याचदा समाधानाचा सूर येतो, 'जाऊ दे, आता लग्नाचं बघू.' तिचं अपयश समोरच्याला सोयीचं वाटतं. माझ्या अभ्यासिकेतल्या कितीतरी मुलींना घरून दोन वर्षं दिली होती, काहींना एकच. त्यांनी नुसती स्थिती सांगितली तर ती अभ्यास संपल्याची बातमी म्हणून ऐकली जाते. म्हणून मुलींनी माझ्या मते अपयशाच्या आधी इरादा सांगावा. 'मी आणखी दोन वर्षं बसणार आहे, लग्न झालं तरी बसणार आहे. या वेळची पूर्व गेली आहे.' हा क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्या वाक्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो त्यावर दुसरं सांगायची गरज उरते की नाही ते कळतं.

नोकरी गेलेल्यांचं थोडक्यात सांगते, कारण तिथला प्रश्न सोपा आहे, फक्त लाज तेवढीच मोठी. हिंजवडी किंवा खराडीतल्या आयटी कंपनीतून काढून टाकलेल्या मुलाकडे परीक्षार्थीकडे नसतं ते असतं, म्हणजे अनुभव, मागचा पगार आणि शिल्लक. त्याने 'नोटीस पीरियडवर आहे' म्हणत राहू नये. नोटीस पीरियड तीन महिन्यांत संपतो आणि मग त्या वाक्याला पुढचं खोटं जोडावं लागतं: जॉइनिंग पुढे गेलं, नवीन प्रोजेक्ट अजून मिळालं नाही, घरून काम करतोय. 'कंपनीने कमी केलं, सहा महिने पुरतील एवढी शिल्लक आहे, डोक्यावर गाडीचा हप्ता आहे, मुलाखती चालू आहेत' हे ऐकून कोणी उठून जात असेल तर जाऊ द्यावं. कर्ज असेल तर ते मात्र भेटी वाढण्याआधी सांगायलाच हवं, कारण ते नोकरी लागल्यावरही संपत नाही.

माझ्या या मताला पेठेतली मुलं एक आक्षेप घेतात आणि तो खरा आहे. 'ताई, आधी सांगितलं तर कोणी दुसऱ्यांदा भेटतच नाही. आधी माणूस म्हणून तर ओळखू दे.' सरकारी नोकरीचा आपल्याकडे जो भाव आहे तो मला माहीत आहे. पोस्ट निघाल्यावर ज्या मुलाच्या दारात गाड्या लागतात त्याच मुलाला आठवडाभर आधी कोणी पाणी विचारत नव्हतं. हा अन्याय आहे. पण त्यावरचा उपाय समोरच्या एका मुलीकडून तिच्या नकळत वर्ष काढून घेणं हा होऊ शकत नाही. ओळखू द्यायला वेळ हवा हे मान्य, म्हणून मी ॲपच्या प्रोफाइलवर 'पूर्व नापास' लिहा म्हणत नाही. ते हजार अनोळखी लोक वाचतात, त्यात तालुक्यातलेही असतात, आणि त्यातल्या कोणालाही तुमच्यामुळे काही ठरवायचं नसतं. पहिली भेट गप्पांची जाऊ द्या हवी तर. पण तिने 'सध्या काय करतोस' असं थेट विचारलं तर त्याच क्षणी, आणि नाही विचारलं तरी तिसऱ्या भेटीच्या आत. आपल्याकडे सत्ताविशी-अठ्ठाविशीत तिसऱ्या भेटीनंतर माणसं घरी काहीतरी सांगून बसलेली असतात.

लग्नापर्यंत गोष्ट गेली तर कायदाही हाच भेद करतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ मध्ये १९७६ च्या दुरुस्तीने असं आलं की जोडीदाराविषयीच्या महत्त्वाच्या वस्तुस्थितीबाबत फसवणूक करून संमती घेतली असेल तर लग्न रद्द करून मागता येतं, फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत. प्रत्येक बारीक गोष्ट तिथे महत्त्वाची धरली जात नाही. ज्यावर संमती उभी होती ती धरली जाते. भेटीगाठींच्या काळात असं कोणतं कलम नाही. तिथे दोघांनाच ते ठरवावं लागतं.

ऐकणाऱ्यांकडेही माझं एक मागणं आहे. कोणी चार वाक्यांत स्थिती सांगितली तर लगेच गुण विचारू नका, 'मग प्लॅन बी काय' असं मुलाखत मंडळासारखं विचारू नका, आणि ती गोष्ट मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकू नका. बार्शीच्या मुलाची बातमी पुण्यातून बार्शीला पोचायला एक दुपार लागते. पण नको असेल तर लगेच नको म्हणा. दयेपोटी आणखी चार वेळा भेटणं हेही एक लपवणंच आहे.

मार्चच्या त्या संध्याकाळी मी तिला सांगितलं की सल्ला माझा होता. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुम्ही तरी मुलीच्या बाजूने विचार करायला हवा होता." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. दोघं परत एकत्र आले नाहीत. नाशिकची जागा तोवर भरली होती.

त्याने त्या उन्हाळ्यात दुपारच्या वेळात एका दुकानात हिशेबाचं काम धरलं आणि सकाळ-रात्र उत्तर लिहायचा सराव सुरू केला. सप्टेंबरमध्ये एका मुलीला तो झेड ब्रिजवर भेटला आणि पहिल्याच संध्याकाळी तिला सांगितलं, "माझी मागची पूर्व गेली. पाच वर्षं झाली. अर्धा खर्च मी करतो, अर्धा घरून येतो. अठ्ठावीस तारखेची पूर्व शेवटची."

ती म्हणाली, "आणि ती पुढे गेली तर?"

तेव्हा पूर्व पुढे जाणार आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. तो म्हणाला, "कितीही पुढे जाऊ दे. एक जानेवारीपासून मी पूर्णवेळ कामावर. पूर्व निघाली तर मुख्य नोकरी करून देईन."

त्यावर ती काय म्हणाली ते त्याने मला दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं. म्हणाली होती, "बरं झालं. मला घरी सांगायला एक तारीख हवी होती."